काट्यावर दोघेही वाढले, पण आत काय वाढलं? दोन भावांच्या २८ आठवड्यांच्या नोंदी

दोघे सख्खे भाऊ. थोरला ३१ वर्षांचा, सहा वर्षं सलग लोखंड उचलणारा. धाकटा २३ वर्षांचा, जिमची पायरीही न चढलेला. थोरल्याने एके दिवशी त्याला धरून आणलं आणि म्हणाला, "सर, ह्याला माझ्याच वेळेला, माझ्याच प्रोग्रॅमवर लावा. खाणंही माझ्यासारखंच वाढवायचं." म्हणजे रोज गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरी जास्त, आठवड्यात चार दिवस व्यायाम, आणि १६ आठवड्यांनी हिशेब.

प्रोग्रॅम मी थोडा बदलून दिला. खाण्याबाबत मात्र थोरल्याचं म्हणणं मान्य केलं, आणि ती माझी चूक होती. तिचा हिशेब पुढे येईलच.

सुरुवातीला धाकट्याने विचारलेला प्रश्न सगळेच विचारतात: "महिन्याला किती मसल चढतो?"

याची दोन उत्तरं बरीच फिरलेली आहेत, दोन्ही व्यायाम-आहारावर लिहिणाऱ्यांची. लाइल मॅकडोनाल्ड यांचा ठोकताळा वर्षांवर चालतो. नीट व्यायाम करणाऱ्या पुरुषाला पहिल्या वर्षी ९ ते ११ किलो, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे, तिसऱ्या वर्षी आणखी निम्मे आणि पुढे वर्षाला जेमतेम एक-सव्वा किलो. ॲलन अरॅगॉन यांचा ठोकताळा शरीराच्या वजनावर चालतो. नवख्याला महिन्याला वजनाच्या १ ते १.५ टक्के, मधल्याला ०.५ ते १ टक्का, मुरलेल्याला ०.२५ ते ०.५ टक्के. बायकांसाठी आकडे साधारण निम्मे धरतात. दोन्ही ठोकताळे अनुभवातून आलेले आहेत आणि सगळं जुळून आलं तर काय होईल ते सांगतात. प्रयोगांमध्ये नवख्या पुरुषांचं चरबीविरहित वजन दोन-तीन महिन्यांत सरासरी एक-दोन किलोनेच वाढलेलं दिसतं.

धाकटा ६४ किलोचा. त्याला चार महिन्यांत अडीच ते पावणेचार किलोची आशा ठेवता येत होती. थोरला ८० किलोचा. अरॅगॉन यांच्या हिशेबाने त्याला पाऊण ते दीड किलो मिळायला हवे होते, मॅकडोनाल्ड यांच्या हिशेबाने अर्धा किलोही नाही. एकाच माणसासाठी दोन ठोकताळ्यांत तिप्पट फरक पडतो, हे मी थोरल्याला तेव्हाच दाखवलं होतं. त्याने दीड किलोचा आकडा लक्षात ठेवला. कोणीही तोच ठेवेल.

मापं कशी घेतली ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. त्यातला एकच दिवस न धरता आठवड्याची सरासरी नोंदवायची. घेर चार आठवड्यांतून एकदा आणि व्यायामानंतर दोन दिवसांची सुट्टी पडल्यावरच. दंडासाठी खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर मोजून बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची, हात सैल सोडायचा आणि खुणेवर टेप आडवी फिरवायची. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. मांडीचंही तसंच, मध्यावर खूण करून. कंबर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर.

शिवाय कॅलिपर, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा. दंडाच्या मागच्या बाजूला, त्याच खुणेच्या उंचीवर, कातडी आणि तिच्याखालची चरबी चिमटीत उभी धरायची, कॅलिपर लावून दोन सेकंद थांबायचं आणि त्या घडीच्या जाडीचा आकडा वाचायचा. मांडीवर पुढच्या बाजूला तसंच. हे लोक टाळतात. पण कॅलिपर नसेल तर टेप फक्त 'हात वाढला' एवढंच सांगते, काय वाढलं ते तिला सांगता येत नाही.

घडीचा उपयोग साधा आहे. चिमटीत कातडी-चरबीचे दोन थर येतात, म्हणजे एका थराची जाडी घडीच्या निम्मी. हाताचा घेर गोल धरला तर हा थर सोलून काढल्यावर घेर नेमका ३.१४ गुणिले घडी इतका कमी होतो. म्हणून:

दुरुस्त घेर = टेपचा घेर − ३.१४ × घडी (दोन्ही सेंटीमीटरमध्ये)

उरतो तो स्नायू आणि हाड. हाड काही चार महिन्यांत जाड होत नाही. तेव्हा दुरुस्त घेरातला फरक स्नायूचा.

आता धाकट्याचे आकडे. पहिल्या चार आठवड्यांत वजन ६४.० वरून ६६.४. घरात आनंदीआनंद. थोरला म्हणाला, "बघ, अडीच किलो मसल!" धाकट्याने आरशासमोर फोटो काढले. मी म्हटलं, थांबा.

नवख्याच्या पहिल्या महिन्यात काट्यावर बरंच काही चढतं. खाणं वाढलं की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, जास्त भरतं आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. शंभर-दीडशे ग्रॅम ग्लायकोजेन वाढलं तरी अर्धा किलो झाला. धाकट्याने क्रिएटिनची पावडर घेणं सुरू केलं होतं. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत सहज एक किलोच्या आसपास पाणी स्नायूंत धरलं जातं. पोटात-आतड्यांत रोज जास्त अन्न असतं, तेही काही शे ग्रॅम. अनोळखी व्यायामाने स्नायूंना सूज येते ती वेगळीच. ही सूज टेपलाही फसवते. पहिल्या महिन्यात त्याचा दंड २८.५ वरून २९.३ झाला, पण त्यातला बराच भाग सूज आणि पाणी असणार, असं मी वहीत समासात लिहून ठेवलं.

पुढचे महिने शांत गेले. वजन ६७.६, मग ६८.७, मग ६९.६. म्हणजे महिन्याला एक किलोच्या आगेमागे. नवख्याचा खरा वेग शोधायचा तर तो दुसऱ्या महिन्यापासून मोजावा. पहिला महिना पाण्याचा.

मध्ये एक गंमत झाली. सहाव्या आठवड्यात धाकट्याने मला मेसेज केला: 'दंड ३१.६!' त्याने बायसेप्सचा शेवटचा सेट टाकून लगेच, हात आवळून टेप लावली होती. एक तर पंप, म्हणजे व्यायामाने रक्त भरून फुगलेला हात, त्यात आकुंचन. दोन दिवसांनी सैल हातावर, खुणेवर मोजलं तर २९.५. त्याचं तोंड पडलं. त्याच्या डोळ्यांदेखत मी टेप खुणेच्या दोन बोटं वर सरकवली, आकडा बदलला. खाली आणली, पुन्हा बदलला. तेव्हापासून त्याने स्वतः माप घेणं सोडलं.

सोळाव्या आठवड्याला त्याचा दंड ३०.५, मागची घडी ९ मिलिमीटरवरून १०. मांडी ५० वरून ५२.५, घडी १२ वरून १३.५. कंबर ७६ वरून ७८. हिशेब केला तर दंडाचा दुरुस्त घेर २५.७ वरून २७.४ झाला आणि मांडीचा ४६.२ वरून ४८.३.

सेंटीमीटरचे किलो कसे करायचे? घेरावरून छेदाचं क्षेत्रफळ निघतं: घेराचा वर्ग भागिले १२.५७. दंडाच्या स्नायूचा छेद साधारण ५२ चौरस सेंटीमीटरवरून ६० वर गेला, म्हणजे सातेक चौरस सेंटीमीटर भर. दंडाची लांबी वीसेक सेंटीमीटर धरली आणि दंड दोन्ही टोकांना निमुळता होतो म्हणून तिसरा हिस्सा वजा केला, तर एका दंडात साधारण १०० ग्रॅम भर पडली. शंभर ग्रॅम! दुरुस्त घेर पावणेदोन सेंटीमीटरने वाढूनही. लोक एक सेंटीमीटरवर किलोभर मसलचा दावा करतात, त्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. दोन्ही दंडांवर एक-एक सेंटीमीटर म्हणजे पाव किलोही नव्हे.

मांडी मोठी आणि लांब, तिथे त्याच पद्धतीने एका पायात ३०० ग्रॅमच्या आसपास निघालं. दोन दंड, दोन मांड्या मिळून साधारण ८०० ग्रॅम. छाती, पाठ, कुल्हे, पोटऱ्या मोजलेल्या नाहीत. मी ढोबळपणे मोजलेल्या भागाच्या दोन-अडीच पट धरतो. म्हणजे सगळा मिळून दीड-पावणेदोन ते दोन किलो स्नायू.

दुसऱ्या बाजूने पडताळू. एकूण वजन वाढलं ५.६ किलो. पाणी, ग्लायकोजेन आणि पोटातलं अन्न मिळून दीडेक किलो वजा करा. उरले चार. कंबर दोन सेंटीमीटरने वाढली, घड्याही थोड्या वाढल्या. कंबरेचा एक सेंटीमीटर म्हणजे साधारण किलोभर चरबी हा ठोकताळा धरला तर दोन किलो चरबी. राहिले दोन किलो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावी पोचलो, म्हणून आकड्यावर माझा विश्वास बसला. त्यातही दुरुस्त घेरात स्नायूंत भरलेलं थोडं पाणी आहेच, तेव्हा दोन किलो ही वरची बाजू समजायची.

महिन्याला अर्धा किलो. अरॅगॉन यांच्या खालच्या टोकापेक्षाही जरा कमी, आणि तरीही नवख्यासाठी उत्तम काम. धाकट्याला ते पटायला वेळ लागला, कारण त्याच्या डोक्यात ५.६ बसलं होतं. त्याचा स्क्वॉट ४० किलोवरून ८० वर गेला होता, तो पुरावा म्हणून त्याने पुढे केला. पण नवख्याची ताकद सुरुवातीला मुख्यतः मज्जासंस्था आणि तंत्र सुधारल्याने वाढते. ताकद दुप्पट झाली म्हणून मांडी दुप्पट होत नाही.

आता थोरला. त्याचं वजन दर महिन्याला जवळजवळ एक-एक किलोने, शिस्तीत वाढत गेलं. ८० वरून ८४. दंड ३८.० वरून ३८.८. मांडी ६०.० वरून ६१.२. शर्टाच्या बाह्या तंग. तो खूश होता आणि त्याचं गणितही चोख वाटत होतं: "सर, चारातली निम्मी चरबी धरा. दोन किलो मसल. ह्या वयात, सहा वर्षांनंतर!"

मी कॅलिपर काढला. दंडामागची घडी ११ वरून १४. मांडीची १४ वरून १७. कंबर ८५ वरून ८९.

दंडाचा दुरुस्त घेर आधी ३४.५५ होता, आता ३४.४० आला. मांडीचा ५५.६० वरून ५५.८६.

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग धाकटाच म्हणाला, "दादा, म्हणजे तुझा हात... जाड झाला?"

दंड टेपवर आठ मिलिमीटर वाढला आणि ती सगळी वाढ चरबीच्या थराची निघाली. पण इथे उलट्या बाजूची चूक करायची नाही. ३४.५५ वरून ३४.४० म्हणजे स्नायू कमी झाला असं नव्हे. टेपमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक हात बदलला तरी पडतो. कॅलिपरमध्ये एक मिलिमीटरची चूक झाली तर सूत्रातून ती तिपटीहून जास्त होऊन येते, म्हणजे पुन्हा तीन मिलिमीटर. शिवाय सूत्र धरून चालतं की चरबी हाताभोवती सारखी पसरली आहे, आणि मागच्या बाजूला ती जास्त असते. घडी वाढते तेव्हा सूत्र जरुरीपेक्षा जास्त कापतं. म्हणून दंडाबद्दल इतकंच म्हणता येतं की जो काही बदल झाला तो आमच्या मोजण्याच्या चुकीत बुडाला.

आणि मुरलेल्या माणसाच्या बाबतीत खरी मेख हीच आहे. समजा त्याला चार महिन्यांत खरोखर अर्धा किलो स्नायू चढला. धाकट्याच्या दोन किलोंनी दंडाचा दुरुस्त घेर १.७ सेंटीमीटरने वाढवला होता. त्या प्रमाणात थोरल्याच्या दंडावर अर्ध्या किलोचा परिणाम चारेक मिलिमीटर. हात आधीच जाड असल्याने त्याहून कमीच. म्हणजे चार महिन्यांची खरी कमाई आणि टेपची चूक एकाच मापाची. काट्याची तर बातच सोडा, त्याचं वजन सकाळ-सकाळचं घेतलं तरी दिवसागणिक किलोभर हलतं. महिन्याला शंभर-दोनशे ग्रॅमचा आकडा वर्षाच्या कमाईला बाराने भागून काढलेला असतो. महिन्याच्या मापात तो कधीच दिसणार नाही.

त्याचा बेंच प्रेस बघितला. पाच रेप्सचं वजन ९५ वरून ९७.५. नवख्याच्या बाबतीत मी ताकदीला पुरावा मानला नाही, पण मुरलेल्याचं तंत्र आधीच बसलेलं असतं, तिथे ती जास्त बोलकी. आणि इथे ती फारसं काही बोलत नव्हती. सगळं धरून चार किलोंतले साडेतीनच्या आसपास चरबी आणि थोडं पाणी असावं असा माझा अंदाज होता.

माझी चूक इथे उघडी पडली. धाकट्याचं शरीर महिन्याला अर्धा किलो स्नायू बांधत होतं, त्याला बांधकामाचं सामान लागत होतं. थोरल्याच्या बाजूला कामच शे-दोनशे ग्रॅमचं. सामान मात्र तितकंच ओतलं. जास्तीचं खाणं स्नायू वाढण्याचा वेग ठराविक मर्यादेपलीकडे वाढवत नाही, उरलेलं चरबीत जातं. त्याला रोज दीडशे-दोनशे कॅलरी जास्त आणि काट्यावर महिन्याला ४०० ग्रॅम एवढंच लक्ष्य द्यायला हवं होतं. धाकट्यालाही ५०० जरा जास्तच झाल्या, पण त्याच्या बाबतीत नुकसान कमी.

"मग मला काहीच नाही मिळालं?" थोरल्याने विचारलं.

ते तपासायचा एक मार्ग आहे आणि तो मला घेराच्या सगळ्या सूत्रांपेक्षा भरवशाचा वाटतो. चरबी पुन्हा सुरुवातीच्या जागी न्यायची आणि मग वजनाची तुलना करायची. तीच कंबर, तीच घडी असताना वजन जास्त भरलं, तर ती भर चरबीची नाही. त्याने दहा आठवडे खाणं कमी केलं, वजन उचलणं तसंच ठेवलं. कंबर ८५ वर आल्यावरही मी लगेच मोजलं नाही, कारण डाएटच्या शेवटी ग्लायकोजेन आणि पाणी उतरलेलं असतं, स्नायू रिकामे दिसतात आणि हिशेब खोटा कमी येतो. दोन आठवडे गरजेइतकं खायला लावलं.

अठ्ठाविसाव्या आठवड्याची नोंद अशी आहे: वजन ८०.८, कंबर ८५.०, दंड ३८.१, घडी १०.५. मांडी ६०.४, घडी १३.५. दंडाचा दुरुस्त घेर ३४.८०, मांडीचा ५६.१६. सुरुवातीपेक्षा दंडात अडीच आणि मांडीत साडेपाच मिलिमीटर जास्त. वजनात ८०० ग्रॅम जास्त, कंबर तीच. मांडीचा आकडा मला चुकीच्या पट्ट्याबाहेरचा वाटतो, दंडाचा अजून आतच आहे. दोन्ही आणि काटा एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून मी सहा-साडेसहा महिन्यांत अर्धा ते पाऊण किलो स्नायू असं लिहिलं. महिन्याला शंभर ग्रॅमच्या आसपास. मॅकडोनाल्ड यांच्या चौथ्या वर्षानंतरच्या आकड्याशी ते जुळतं. पण एका माणसाच्या एका फेरीवरून कोणता ठोकताळा बरोबर हे ठरवायला मी धजणार नाही.

सोळाव्या आठवड्याला शून्य दिसलेली कमाई अठ्ठाविसाव्याला दिसली, ती मधल्या डाएटमध्ये चढली असं नाही. ती आधीही बहुधा होतीच. वर चरबीचा थर चढल्याने आणि सूत्राने जास्त कापल्याने ती झाकली गेली होती.

आता थोरल्याचं माप बारा आठवड्यांतून एकदा होतं आणि त्याने वहीतला 'या महिन्यात मसल' हा रकाना स्वतःच खोडून टाकला. धाकट्याचा रकाना अजून आहे. गेल्या चार आठवड्यांत त्याचा दंड दोन मिलिमीटरने वाढलाय आणि तो मला रोज विचारतो, आपलं काय चुकतंय.